कुत्र्यासाठी मालकाची परवानगी

“डिपॉझिटमधून कापून घ्या म्हटलं तरी मालक कुत्र्याला परवानगी देईनात. अजून काय सांगायचं?”

नुसतं ‘कापून घ्या’ म्हटल्याने मालकाची धास्ती जात नाही, कारण काय आणि किती यावरूनच शेवटी भांडण होतं. आमच्या कोथरूडच्या मालकीणबाईंशी मी जागा दाखवून बोललो: दारांच्या चौकटी, किचन ट्रॉलीखालची प्लायची पट्टी, बाल्कनीतल्या टाइल्सचे सांधे. ओरखडे बहुतेक दाराच्या खालच्या भागात उठतात. लघवी सांध्यांत मुरली की फिनाइलने वास दबतो, पण जात नाही. त्याला एन्झाइमवालं क्लीनर लागतं. सामान आणण्याआधी दोघांनी मिळून या जागांचे फोटो काढले. घर सोडताना ओरखडे दिसले तर पॉलिश आमच्या खर्चाने, असं ठरलं. भिंतीचा रंग मात्र रोजच्या वापराने उतरतोच, तो यात धरायचा नाही, हेही तेव्हाच बोलून घ्या.

भुंकण्याबद्दल नुसता शब्द देऊ नका. कुत्र्याला घरी एकटं ठेवून बाहेर जा आणि आत फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. शांत राहिला तर तेच मालकांना ऐकवा. रडला तर आधी सवय लावा, मग विचारा.

आणि परवानगी नोंदणीपूर्वी लिव्ह अँड लायसन्सच्या मसुद्यातच घाला, सोबत महापालिकेचा श्वान परवाना आणि रेबीज लसीचं कार्ड दाखवा. सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही हे बरोबर, पण करारात मालकाने मनाई लिहिली असेल तर त्याच्यापुढे हा मुद्दा फारसा टिकत नाही.