महिनाअखेरीला खात्यात 17,400 होते, तरी दंड?

फाटकी_छत्री: नोकरी सोडली तेव्हा पगाराचं खातं बंद न करता तसंच ठेवलं. काही महिन्यांनी बँकेने ते साधं बचत खातं करून टाकलं आणि 10,000 सरासरी शिल्लक ठेवायची अट लागली. 4 जूनला मेसेज आला, की मे महिन्यात शिल्लक कमी पडली आहे, महिन्याभरात भरली नाही तर चार्ज लागेल. खात्यात 2,400 पडून होते. 25 जूनला 15,000 भरले, 30 जूनपर्यंत त्यातल्या एका रुपयाला हात लावला नाही. तरी 8 जुलैला 325 रुपये 68 पैसे कापले. मुदतीच्या आत पैसे भरले होते ना मी? याला लूट नाही तर काय म्हणायचं?

निवृत्त_रोखपाल: लूट की काय ते नंतर ठरवू, आधी आकडा कुठून आला ते सांगतो. 325.68 मधून 18 टक्के जीएसटी काढा, 276 उरतात. 276 हे 4,600 चे बरोबर 6 टक्के. म्हणजे तुमच्या बँकेचा दर तुटीच्या 6 टक्के असणार आणि तुमची जूनची तूट 4,600 निघाली असणार. आता उलट तपासून बघा. 1 ते 24 जून, चोवीस रात्री खात्यात 2,400 होते, त्याचे झाले 57,600. 25 ते 30, सहा रात्री 17,400, त्याचे 1,04,400. बेरीज 1,62,000, भागिले 30, सरासरी 5,400. दहा हजारांना 4,600 कमी. सरासरी काढताना शेवटच्या दिवसाला काही खास मान नसतो, तो तिसातला एक दिवस.

बोचरी_थंडी: हिशोब बरोबर असेल काका, पण माणूस असा विचार करतो का? "शिल्लक भरा" असा मेसेज आला, त्याने भरली. अटीपेक्षा 7,400 जास्तच भरली. मेसेजमध्ये कुठे लिहिलं होतं का, की 25 तारखेला भरायचे तर 15 नाही, 38 हजार भरावे लागतील?

फाटकी_छत्री: 38 हजार??

बोचरी_थंडी: हो ना, मीच आत्ता करून बघितलं. दहाची सरासरी यायला तीस दिवसांची बेरीज 3 लाख लागते. तुमचे 57,600 झाले होते, उरले 2,42,400 आणि दिवस फक्त सहा. म्हणजे रोज 40,400 हवेत. त्यात तुमचे 2,400 आहेतच. हेच तुम्ही 1 तारखेला 7,600 टाकले असते तर काम झालं असतं. मेसेज आला त्याच दिवशी, 4 जूनला, साधारण 8,450 टाकले असते तरी भागलं असतं. तीन आठवडे थांबण्याची किंमत एवढी, आणि हे कोणीही सांगत नाही.

अर्धा_चहा: एवढं डोकं कशाला लावता. एक दिवस 3 लाख टाकायचे, बाकी महिना शून्य ठेवा, सरासरी बरोबर 10,000. माझा भाऊ दर महिन्याला करतो. सकाळी टाकतो, संध्याकाळी काढून घेतो.

निवृत्त_रोखपाल: पहिला भाग खरा. दुसऱ्यामुळे भाऊ कधीतरी गोत्यात येईल. सरासरीत धरली जाते ती दिवसाअखेरची शिल्लक. सकाळी आले आणि संध्याकाळी गेले, तर त्या दिवसाची नोंद शून्यच. पैसे एक रात्र तिथे झोपले पाहिजेत. भावाला दंड लागत नसेल तर त्याचं खातं बहुतेक अट नसलेल्या प्रकारातलं असेल, त्याच्या युक्तीचा त्यात काही हात नाही.

अर्धा_चहा: विचारतो त्याला. पण ज्याच्याकडे 3 लाख आहेत त्याला 10,000 ची चिंता कशाला, हेही आहेच म्हणा.

सईची_आई: माझं पण असंच झालंय. एका बँकेतलं खातं रिकामंच होतं, अडीच वर्षं हात लावला नव्हता. परवा एका रद्द झालेल्या ऑर्डरचे 820 चुकून त्याच खात्यात आले आणि लगेच 590 गेले. रिकाम्या खात्याला दंड लावताच येत नाही ना? मी तर वाचलं होतं की रिझर्व्ह बँकेने बंदी घातली आहे.

निवृत्त_रोखपाल: बंदी आहे ती निराळ्या गोष्टीला. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर 2014 च्या परिपत्रकात (1 एप्रिल 2015 पासून लागू) असं आहे, की केवळ या चार्जमुळे बचत खातं उणे होता कामा नये. त्यामुळे बँक शून्याच्या खाली जात नाही, पण येणं बाजूला लिहून ठेवते आणि पैसा आला की वळता करून घेते. तुमचं तसंच झालं असणार. मात्र तुमच्याकडे दुसरं हत्यार आहे. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने काहीच व्यवहार केला नाही, तर खातं निष्क्रिय ठरतं, आणि निष्क्रिय खात्याला किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही. बँकेने स्वतः टाकलेलं व्याज किंवा कापलेला चार्ज हा तुमचा व्यवहार धरत नाहीत. तेव्हा 590 नेमके कोणत्या महिन्यांचे ते लेखी मागा. दोन वर्षं उलटल्यानंतरच्या महिन्यांचे असतील तर परत मिळायला हवेत.

बोचरी_थंडी: बाजूला लिहून ठेवणं म्हणजे उणे शिल्लकच झाली की! फक्त पासबुकात दाखवायची नाही. नियमाचं शब्दशः पालन करून त्याचा जीव काढून घेतलाय.

निवृत्त_रोखपाल: यावर मी भांडणार नाही. नोकरीत असताना काउंटरवर हेच ऐकून घेत होतो. पण दुसरी बाजूही ऐका. खातं चालवायला खर्च येतो, मेसेज, कार्ड, एटीएम, शाखेतला माणूस. ज्याच्या खात्यात पैसे पडून असतात त्याच्या जिवावर बँक तो खर्च काढते. ज्याच्या खात्यात नसतात त्याच्याकडून थेट मागते. खातं उघडताना आपण सही केलेली असते. ज्यांना हे परवडत नाही त्यांच्यासाठी मूलभूत बचत खातं आहे, त्याला किमान शिल्लकच नाही. आणि ते द्यायला कोणतीही बँक नाही म्हणू शकत नाही.

बोचरी_थंडी: म्हणू शकत नाही, पण सांगतही नाही. शिवाय ते घेतलं तर त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही, हे कोण सांगणार? आणि खर्चाचं म्हणाल, तर स्टेट बँकेने मार्च 2020 मध्ये हा चार्ज काढून टाकला. 2025 मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक यांनीही काढला. त्यांना खर्च येत नाही का? खासगीतलं चित्र बघा. ऑगस्ट 2025 मध्ये आयसीआयसीआयने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी अट 50,000 वर नेली, ओरड झाल्यावर काही दिवसांत 15,000 वर आणली. खर्च भागवायलाच असती तर पन्नासवरून पंधरावर इतक्या लवकर उतरली असती का?

निवृत्त_रोखपाल: पन्नास हजार खर्चासाठी नव्हतेच, कोणता ग्राहक हवा ते ठरवायला होते. गाळणी म्हणा. अट किती ठेवायची ते बँकेने ठरवावं, असं रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांनीच तेव्हा सांगितलं. चार्ज कसा लावायचा यावर मात्र नियम आहेत. तो तुटीच्या प्रमाणात हवा. 200 कमी पडले आणि 9,000 कमी पडले, दोघांना सारखेच 500 लागले, तर ती तक्रार पक्की. छत्रीवाल्यांच्या बाबतीत प्रमाण नीट पाळलंय, तिथे बोट ठेवता येत नाही.

रानवारा: मग बोट कुठे ठेवता येतं ते मी सांगतो. परिपत्रकानुसार तूट झाल्यावर ग्राहकाला कळवायचं आणि त्या दिवसापासून किमान एक महिना द्यायचा. 4 जूनची नोटीस मे महिन्याच्या तुटीची होती. कापलेले पैसे मात्र तुमच्याच हिशोबाने जूनच्या तुटीचे निघतात, 5,400 ची सरासरी जूनची आहे. मे महिन्यात पूर्ण वेळ 2,400 असतील तर तूट 7,600, त्याचे 6 टक्के 456, जीएसटी धरून 538.08. तेवढे कापलेले नाहीत. मग जूनच्या तुटीची नोटीस कधी दिली? जुलैत दिली असेल तर महिना ऑगस्टमध्ये संपतो. 8 जुलैला कसे कापले?

निवृत्त_रोखपाल: मुद्दा चांगला काढलात. बँक म्हणेल, मेची नोटीस दिली, पुढच्या महिन्यातही सरासरी भरली नाही, म्हणजे शिल्लक पूर्ववत झाली नाही, म्हणून चार्ज. बहुतेक ठिकाणी सिस्टीम तशीच लावलेली असते. एकदा नोटीस गेली की पुढच्या महिन्याची तूट थेट आकारायची.

रानवारा: सिस्टीम तशी आहे म्हणून नियम तसा होत नाही. आणि "पूर्ववत" म्हणजे काय? 25 जूनला शिल्लक अटीच्या वर गेली आणि 4 जुलैच्या आत गेली. अट सरासरीची आहे म्हणून सरासरीच पूर्ववत व्हायला हवी, असं परिपत्रकात कुठे आहे?

निवृत्त_रोखपाल: अट सरासरीची असेल तर भरपाईही सरासरीनेच मोजणार, मला तरी दुसरा अर्थ लागत नाही. पण तुमचं म्हणणं लोकपालांपुढे मांडण्यासारखं आहे. आधी बँकेकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रारीत लूट वगैरे शब्द नकोत. फक्त तीन तारखा द्या, नोटिशीची, पैसे भरल्याची, कापल्याची, आणि विचारा, हा चार्ज कोणत्या महिन्याचा आणि त्या महिन्याची नोटीस कुठे आहे.

अर्धा_चहा: 325 रुपयांसाठी लोकपाल? वेळेची किंमत काय? खातं बंद करून मोकळे व्हा.

फाटकी_छत्री: बंद करणारच आहे, पण त्याआधी विचारणार. आज शाखेत गेलो होतो. काउंटरवरच्या ताईंनी स्टेटमेंट काढलं, नोंदीसमोर जूनच लिहिलंय. जूनच्या तुटीचा मेसेज दाखवा म्हटलं तर म्हणाल्या, मेसेज वरून जातात, आमच्याकडे दिसत नाहीत. माझ्या फोनवर 5 जुलैचा एक आहे, पण त्यात "चार्ज आकारला जाईल" एवढंच आहे, मुदतीचा शब्दही नाही. लेखी अर्ज देऊन पोचपावती घेतली.

सईची_आई: मीही उद्या जाते. काका, मध्येच एकदा एटीएममध्ये शिल्लक तपासली होती, तो व्यवहार धरतात का हो?

निवृत्त_रोखपाल: कधी तपासली होती?