शिंगकळ्या: डागणी की पेस्ट? पावसाळ्यात काय करावं?

आरे_गोठा: गोरेगावला संकरित एचएफ गाईला कालवड झाली आहे, आज पाचवा दिवस. शिंगं येऊ द्यायची नाहीत, जागा कमी आहे. पेस्ट आताच लावू की महिन्याने डागू? कशात कमी दुखतं?

कोकणकडा: पेस्टच लावा. आठवड्याच्या आत लावली तर कळी बटणाएवढी असते, भूल लागत नाही, वासरू ओरडतही नाही. कळीभोवतीचे केस कापा, बाहेरून व्हॅसलीनचं कडं काढा आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पातळ थर द्या. हातमोजे विसरू नका. महिनाभर थांबून लाल लोखंड डोक्यावर टेकवणं मला पटत नाही.

डॉ_सुलभा: तुमची पद्धत बरोबर आहे, वयही बरोबर आहे. "भूल लागत नाही" हे मात्र चूक आहे. लोखंड दहा सेकंदांत आपलं काम उरकतं. पेस्टमधला क्षार मात्र कातडीत हळूहळू उतरत राहतो. वासरू ओरडत नाही म्हणून दुखत नाही असं समजू नका, त्याच्याकडे नीट बघा: तासन्तास डोकं झटकतं, मागच्या पायाने कान खाजवतं, भिंतीला डोकं घासतं. जखम भरायलाही बहुधा डागण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

त्यात हा जुलै. आरेत एक सर आली किंवा पत्र्यातून पाणी ठिबकलं की पेस्ट कपाळावरून डोळ्यात उतरते. वासरू आईला पाजायला सोडलं तर गाईची कास भाजते, शेजारचं वासरू चाटलं तर त्याची जीभ. तुमच्या जागेत त्याला कोरडं आणि एकटं ठेवता येणार नसेल, तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डागणंच सोयीचं.

आरे_गोठा: मग डागताना नेमकं काय करायचं?

डॉ_सुलभा: भुलीचं काम पशुवैद्याकडूनच करून घ्या, पण काय होतंय ते तुम्हाला कळायला हवं. समजा कालवड 40 किलोची आहे. मेलॉक्सिकॅम किलोला 0.5 मिग्रॅ, म्हणजे 20 मिग्रॅ. मिलीला 5 मिग्रॅची बाटली असेल तर 4 मिली, डागण्याआधीच. मग 2 टक्के लिग्नोकेन प्रत्येक बाजूला 5 मिली. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कळीपर्यंत हाडाची एक कड बोटाला लागते. तिच्या साधारण मध्यावर, कडेच्या खालच्या अंगाला सुई जाते. पिचकारी मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघूनच औषध सोडायचं.

यानंतर किमान दहा मिनिटं थांबा. गडबड होते ती इथे, लोक दोन मिनिटांत लोखंड लावतात. वरची पापणी खाली आली म्हणजे औषध पोचतंय, पण तेवढ्यावर भागवू नका. कळीभोवती चारी बाजूंनी सुईने टोचून बघा. मागच्या बाजूला वासरू दचकलं तर तिथे थोडं औषध आणखी लागेल.

लिग्नोकेनचा असर तास-दीड तासात ओसरतो, पुढच्या वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम असतं. डागतानाची वेदना एकटं मेलॉक्सिकॅम थांबवत नाही, म्हणून दोन्ही हवीत.

कोकणकडा: डॉक्टर, तबेल्यात लाइट जाते, इलेक्ट्रिक डीहॉर्नर अर्धवट तापतो. तेव्हा काय?

डॉ_सुलभा: तेव्हा डागायचंच नाही. तो लालबुंद हवा. कमी तापलेलं लोखंड माणूस जास्त वेळ दाबून धरतो आणि वासराची कवटी पातळ असल्याने उष्णता आत मेंदूकडे जाते. चांगल्या तापलेल्या टोकाने हलकं फिरवत दहा सेकंद, फार तर पंधरा. कळीभोवती तांब्याच्या रंगाचं कडं पूर्ण दिसलं की उचला. कडं एका जागी तुटलं तर नेमकं तिथूनच वेडंवाकडं खुंट उगवतं. नंतर जखमेवर माशा बसू देऊ नका, या दिवसांत अळ्या पडायला वेळ लागत नाही.

म्हैसवाला_जोगेश्वरी: आमच्या मुऱ्हा पारडीला चार महिने झाले. तिलाही असंच डागू का?

डॉ_सुलभा: नाही दादा. साधारण दोन महिन्यांपर्यंत कळी कातडीत सुटी असते, मग कवटीला चिकटते. पुढे शिंग कापावं लागतं, मोठ्या जनावरात कपाळातली पोकळी उघडी पडते. ती वेगळी शस्त्रक्रिया, आणि पावसाळ्यात तर नकोच.

गीरप्रेमी: शिंगं काढायचीच कशाला? गीरची शिंगं ही तिची ओळख आहे, पैदाशीसाठी विकताना ती बघितली जातात. जागा कमी असेल तर जनावरं कमी ठेवा.

कोकणकडा: गीरचं मान्य. पण दाटीत बांधलेल्या संकरित गाईचं शिंग शेजारणीच्या कासेत घुसतं, तेव्हा काय? आणि डॉक्टर, हिवाळ्यात, कोरड्या खोलीत, भूल देऊन पाचव्या दिवशी पेस्ट लावली तर तुमचा आक्षेप उरतो का?

डॉ_सुलभा: बराच कमी होतो. तरी मेलॉक्सिकॅम हवंच, आणि पेस्ट दुखणं किती काळ लांबवते त्याकडे बघता मी डागणीच निवडेन. यावर माझ्याच बरोबरीचे काही पशुवैद्य तुमच्या बाजूने बोलतील.

आरे_गोठा: पेस्ट परत ठेवली. कालवड 22 दिवसांची झाली की डॉक्टरांना बोलावतो, त्या दिवशी लाइट नसेल तर दोन दिवस पुढे ढकलतो.