मदत हवी आहे: मार्क १५:३९ मधला ‘हुइओस’ निश्चित की अनिश्चित?

मंडळी, ग्रीक मूळ पाठात शताधिपतीच्या वाक्यात ‘हुइओस थेऊ एन’, म्हणजे ‘देवाचा पुत्र होता’, असं आहे. ‘हुतोस हो आंथ्रोपोस’, म्हणजे ‘हा मनुष्य’, या कर्त्याला ‘हो’ हे निश्चित उपपद आहे, विधेय ‘हुइओस’ला नाही, आणि ते क्रियापदाआधी आलंय. मार्क ३:११ मध्ये मात्र ‘तू देवाचा पुत्र आहेस’ यासाठी ‘सू एइ हो हुइओस तू थेऊ’ आहे, म्हणजे क्रियापद आधी आणि उपपद हजर.

ग्रीक व्याकरणातला कोलवेलचा १९३३ चा नियम सांगतो की क्रियापदाआधीचं निश्चित विधेय बहुधा उपपद गाळतं. पण तो उलटा लावून ‘उपपद नाही, म्हणजे निश्चित’ म्हणता येत नाही. चर्चा नेमकी इथेच घसरते. त्यात ‘थेऊ’लाही उपपद नाही.

मग निर्णय फक्त संदर्भावरच का? मत्तय १४:३३ मधलं शिष्यांचं ‘थेऊ हुइओस एइ’ पुरावा म्हणून कितपत चालेल? तिथेही विधेय आधीच आहे.