सीटीआर चांगला, लोक टिकत नाहीत: दोष कुणाचा?

पुरणाचा_डबा: पुरणपोळीच्या व्हिडिओला पहिल्या दिवशी सीटीआर ९ टक्के, म्हणजे थंबनेल शंभरदा दिसलं की नऊ क्लिक, पण ३० व्या सेकंदाला ३५ टक्केच लोक उरतात. म्हणजे थंबनेल उत्तम, रेसिपीच कंटाळवाणी. आलेख जोडलाय. यात चर्चेसारखं काय आहे?

कात्रीवाला: आहे ना! अर्ध्या मिनिटात रेसिपी सुरूच झालेली नाही, मग दोष तिला कसा? थंबनेलवर फुटलेली पोळी, शीर्षकात 'पोळी फुटू नये म्हणून', आणि व्हिडिओत आधी होळीच्या शुभेच्छा, मग डाळ धुणं. पुरण किती कोरडं हवं ते येतं सहाव्या मिनिटाला. तुमच्याच आलेखात ४० व्या सेकंदानंतर रेघ जवळपास आडवी आहे आणि सहाव्या मिनिटाला उंचवटा आहे. तो भाग लोक मागे जाऊन पुन्हा बघतायत. मजकूर कच्चा असता तर रेघ शेवटपर्यंत घसरली असती. फुटलेली पोळी पहिल्या दहा सेकंदांत दाखवा.

निवांत_नाना: बरोबर. पण ९ टक्के म्हणजे थंबनेल पास, हे तरी मान्य करा.

कात्रीवाला: नाही करत. निम्मे व्हिडिओ २ ते १० टक्क्यांत असतात, हे यूट्यूबच सांगतं. हा आकडा पहिल्या दिवसाचा, म्हणजे बहुतेक सबस्क्रायबरांचा. होमवर अनोळखी लोकांना दिसू लागला की तो उतरणारच. ट्रॅफिक सोर्सनुसार वेगळा काढा. सर्चमध्ये चांगला आणि होमवर पडलेला असेल, तर शीर्षक ठीक आहे, मी आधी थंबनेलवर संशय घेतो.

निवांत_नाना: सर्चवाला पुरणपोळीच शोधत आलेला असतो, तो क्लिक करणारच. त्यावरून शीर्षक चांगलं कसं ठरलं?

विहीर_मोटर: मुळात ही थंबनेलंच बंद करा! आ वासलेली तोंडं, लाल बाण. मी मोटर दुरुस्ती प्रामाणिकपणे दाखवतो. सीटीआर २, पण निम्म्याहून जास्त लोक शेवटपर्यंत बघतात. तरी यूट्यूब पुढे ढकलत नाही. खोटं बोलणाऱ्यांचं राज्य आहे.

कात्रीवाला: शीर्षक काय दिलंय?

विहीर_मोटर: 'मोटर दुरुस्ती भाग २'.

कात्रीवाला: मग काय बिघडलं होतं ते कुणाला कळणार? आलेला माणूस थांबतोय, म्हणजे काम चोख आहे, पाटी कोरी आहे. 'मोटर घूं घूं करते पण फिरत नाही' असं लिहा. यात खोटं काय?

विहीर_मोटर: शेतकऱ्याला असली नाटकं लागत नाहीत. तुम्ही शहरात बसून शिकवू नका.

पुरणाचा_डबा: दादा, माझा धागा आहे हा! मोटरीचा वेगळा काढा.

निवांत_नाना: कात्रीवाल्यांचं 'घूं घूं करते पण फिरत नाही' मात्र मी सर्चमध्ये टाकलं असतं. आमची तशीच बंद पडली होती, कपॅसिटर गेला होता.

विहीर_मोटर: भाग २ मध्ये कपॅसिटरच बदललाय. ठीक आहे, शीर्षक बदलतो. थंबनेलवर तोंड टाकणार नाही.

कात्रीवाला: नकाच टाकू, जळका कपॅसिटर टाका. पण शीर्षक आणि थंबनेल एकाच दिवशी बदलू नका, कशाने फरक पडला ते कळणार नाही. नाना, सर्चचा मुद्दा खरा आहे, तेवढ्यावर निकाल देता येत नाही. वेगवेगळी थंबनेलं ताडून बघायला यूट्यूबचीच ए/बी चाचणी लावा. ती विजेता क्लिकवर नाही, वॉच टाइमवर ठरवते.

पुरणाचा_डबा: शुभेच्छा काढतेय. डाळ धुणं राहणार, आमच्याकडे नव्या सुना बघतात.