शब्दचर्चा: 1948 सालची 'मुंबई' की 'बॉम्बे'?

खर्डेघाशी: एका इंग्रजी आत्मकथनाचा अनुवाद करतेय. एका वाक्याचा अर्थ असा: 1948 साली मी Baroda सोडून Bombay ला आलो आणि Bombay Central ला उतरलो. संपादकांचं म्हणणं, काळ जपायचा तर 'बॉम्बे' लिहा. मला ते खटकतंय. आणि बडोदे लिहू की वडोदरा?

चर्नीरोडवाला: संपादक बरोबर आहेत. मुंबई हे नाव 1995 ला आलं. त्याआधी बॉम्बेच होतं, पोर्तुगीजांनी ठेवलेलं, 'बॉम बाइया' म्हणजे चांगला उपसागर.

मुद्रितशोधक: 1995 साली बदललं ते इंग्रजीतलं नाव, आणि हिंदीतलं 'बंबई'. मराठीत बदलायला काही नव्हतंच. गोविंद नारायण माडगावकरांचं पुस्तक 1863 चं आहे आणि त्याचं नाव 'मुंबईचे वर्णन'. इंग्रज ज्याला बॉम्बे प्रेसिडेन्सी म्हणत, त्याला आपण मुंबई इलाखा म्हणत होतो. गुजरातीतही मुंबईच. म्हणजे 1948 चा मराठी माणूस मुंबईलाच येत होता. तिथे 'बॉम्बे' लिहिलंत तर काळ जपला जात नाही, इंग्रजी तेवढी जपली जाते.

राहिलं 'बॉम बाइया'. पोर्तुगीजमध्ये बाइया हा शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळे 'बोआ बाइया' व्हायला हवं. ती व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण व्याकरणातच अडते.

चर्नीरोडवाला: व्युत्पत्तीचं सोडा. पण कोर्ट आजही बॉम्बे हायकोर्टच आहे ना? आयआयटी बॉम्बे? विमानतळाचा कोड BOM?

मुद्रितशोधक: आहेत, आणि तिथे नियम वेगळा. संस्थेचं नाव म्हणजे शहराचा उल्लेख नव्हे. त्या संस्थेला मराठीत रुळलेलं नाव असेल तर ते घ्यावं: मुंबई उच्च न्यायालय. नसेल तर ती स्वतःला जे म्हणवते ते. 'बॉम्बे रक्तगट' हा शोध 1952 चा, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांचा. त्याला 'मुंबई रक्तगट' केलंत तर रक्तपेढीतला माणूस दोनदा विचारेल.

बोरिवलीची सून: माझ्या जन्मदाखल्यावर Bombay आहे, पासपोर्टवर Mumbai. व्हिसाला अडचण येईल का? शिवाय आमच्याकडे अजून 'मुंबईला जाऊन येते' म्हणतात, म्हणजे फोर्टात. बोरिवली मुंबईत नाही का?

मुद्रितशोधक: ताई, व्हिसाचं तिथल्या कचेरीतच विचारा. दुसऱ्या प्रश्नावर मात्र वेगळा धागा काढायला हवा, वसई-विरारची मंडळी तुटून पडतील.

खर्डेघाशी: आणि बडोदे? वडोदरा हे तिथल्यांचं नाव. आपण जगाला 'मुंबई म्हणा' सांगतो आणि स्वतः बडोदे लिहितो, हे दुटप्पी नाही का?

मुद्रितशोधक: नाही, कारण 1995 चा आग्रह आपण इंग्रजीत आणि हिंदीत काय लिहावं याबद्दल होता. मराठीनं बडोदे, इंदूर, तंजावर ही नावं आपल्या तोंडाला बसवून घेतली आहेत. खूण सोपी आहे: नाव विभक्तीत कसं वळतं ते बघा. पुणे-पुण्याला, ठाणे-ठाण्याला, तसं बडोदे-बडोद्याला. तुमच्या वाक्यात तर प्रश्नच नाही, इंग्रजीतही Vadodara 1974 ला झालं. पण आजच्या तिकडच्या महापालिकेची बातमी लिहिताना मी 'वडोदरा महापालिका' लिहीन आणि पुढच्याच ओळीत 'बडोद्यात पाऊस'.

टिळकवाडीकर: हे सगळं बाहेरचे-आतले असं सरळ विभागता येत नाही. बेळगावचं सरकारी नाव 2014 पासून बेळगावी. पण आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, आणि आमच्या घरात बेळगावच. मग आमचं नाव परकं कसं? स्थानिकांचं नाव वापरा म्हणाल तर कोणत्या स्थानिकांचं, तेही सांगा.

मुद्रितशोधक: मान्य. तिथे माझा नियम लंगडा पडतो. मराठीत मी बेळगावच लिहीन, पण निव्वळ व्याकरणाचा आधार घेऊन लिहितो असं म्हणणार नाही.

खर्डेघाशी: मग माझं वाक्य असं: '1948 साली बडोदे सोडून मुंबईला आलो आणि बॉम्बे सेंट्रलला उतरलो.' स्टेशनचं नाव त्या वेळच्या पाटीवरचं म्हणून बॉम्बे ठेवलं. चालेल?

मुद्रितशोधक: उत्तम. फक्त शोधयंत्रानं सगळे 'बॉम्बे' एकदम बदलू नका, स्टेशनही वाहून जाईल. एकेक उल्लेख बघा: शहर, संस्था की कुणाच्या तोंडचं वाक्य.

खर्डेघाशी: तोंडच्या वाक्यांतच घोळ आहे. पुढच्या प्रकरणात भय्या दूधवाला 'बंबई' म्हणतो, ते ठेवतेय. पण गोरा साहेब 'Bombay' म्हणतो, आणि त्याचं बाकीचं सगळं बोलणं मी मराठीत आणलंय.

चर्नीरोडवाला: साहेबाच्या तोंडी तरी बॉम्बे राहू द्या!

मुद्रितशोधक: मी मुंबई करीन. बाकी सगळं अस्खलित मराठी बोलणारा साहेब एका शब्दापुरता इंग्रज झाला तर हसू येतं.

टिळकवाडीकर: मी ठेवीन. त्या एका शब्दानंच तो साहेब वाटतो.