मदत हवी आहे: बहिणीच्या पोटात एका बाजूला असह्य दुखतंय, उलट्या

सायली_सातारा (७:४०)
बहीण, वय २३. पहाटे ४ वाजता झोपेतून ओरडतच उठली. ओटीपोटात एकाच बाजूला कळा येतायत, तीन उलट्या झाल्या. मेफ्टाल स्पास दिली, ती उलटीतच पडली. कॅज्युअल्टीत आहोत. लघवी तपासली, ठीक आहे म्हणतात. सोनोग्राफी ९ ला, तोवर बसा म्हणे. नक्की काय असू शकतं?

कोकमसरबत (७:४६)
पाळीचंच दुखणं असणार. ओव्याची पुरचुंडी गरम करून शेका. गरम पाण्यात हिंग द्या.

ओटीस्लीपर्स (७:४९)
काहीही पाजू नका, पाणीसुद्धा. ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. सायली, महत्त्वाचंच राहिलं सांगायचं. कुठली बाजू? पाळी कधी आली होती? आधी कधी ओव्हरीत सिस्ट सांगितली होती का? प्रेग्नन्सी टेस्ट केली का?

दामोदर_नाना (७:५५)
उजवी बाजू असेल तर अपेंडिक्स, दुसरं काही नाही. आणि पेनकिलरचं इंजेक्शन घेऊ देऊ नका, दुखणं झाकलं जातं न् डॉक्टर फसतात.

ओटीस्लीपर्स (८:०१)
नाना, हा समज जुना झाला. सोनोग्राफी, तपासणी सगळं इंजेक्शननंतरही होतं, उलट पोट सैल पडल्यामुळे नीट होतं. घेऊ द्या तिला. अपेंडिक्स असू शकतं, पण ते बहुधा बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. झोपेतून एकदम तीव्र कळ आणि लगेच उलट्या, हे ओव्हरीला पीळ पडल्यासारखं वाटतंय.

सायली_सातारा (८:०४)
उजवीकडे. पाळी २० दिवसांपूर्वी. सिस्ट आहे की! गेल्या वर्षी सोनोग्राफीत ६ सेंमीचं डर्मॉइड निघालं होतं. दुखत नव्हतं म्हणून लक्ष दिलं नाही. लग्न झालेलं नाही, म्हणून प्रेग्नन्सी टेस्ट नाही केली.

ओटीस्लीपर्स (८:०९)
हे डर्मॉइड आत्ताच्या आत्ता ड्युटी डॉक्टरांच्या कानावर घाला. ६ सेंमीची जड गाठ ओव्हरीला लोंबकळत असली की ती देठावर सहज फिरते. उजवीकडे जास्तच, डावीकडे आतडं असल्यामुळे जागा कमी पडते. स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलवायला सांगा, ९ ची वाट बघू नका. लग्न झालं नाही म्हणून टेस्ट वगळू देऊ नका. नळीतला गर्भ फुटला तरी असंच दुखतं. आईला बाहेर पाठवून बहिणीला एकटीला विचारा. टेस्ट मात्र उत्तर काहीही आलं तरी करायचीच.

दिवेलागण (८:२०)
माझ्या वहिनीला पीसीओडी आहे, तिलाही दुखतं. मेथीचं पाणी घेते. कुणाला डाएट प्लॅन हवा का?

कोकमसरबत (८:२२)
मला पाठवा 🙏

सायली_सातारा (९:१५)
टेस्ट निगेटिव्ह. सोनोग्राफी झाली. उजवी ओव्हरी गाठीसकट ८ सेंमी, डावी ३. डॉप्लरमध्ये रक्तप्रवाह दिसतोय. मग पीळ नाही ना? दुखणंही थोडं कमी झालंय.

दामोदर_नाना (९:१७)
प्रवाह आहे म्हणजे सुटलात. घरी न्या.

ओटीस्लीपर्स (९:२४)
नका नेऊ! प्रवाह दिसला म्हणून पीळ नाही असं होत नाही. ओव्हरीला रक्त दोन वाटांनी येतं, एक तिची स्वतःची धमनी आणि दुसरी गर्भाशयाकडून. पीळ बसला की आधी रक्त परत नेणाऱ्या मऊ वाहिन्या दबतात. आत रक्त येत राहतं, बाहेर जात नाही, ओव्हरी फुगत जाते. त्या वेळी डॉप्लर छान दिसतो. दुखणं कमी होणं इंजेक्शनचं असेल, नाहीतर पीळ थोडा सुटला असेल, तो परत बसतो. लक्षणं आणि ओव्हरीचा आकार यावरूनच दुर्बिणीने बघायचं ठरवतात. पीळ पक्का कळतो तोही तेव्हाच.

सायली_सातारा (९:५०)
मॅडम आल्या, लॅप्रोस्कोपी करू म्हणाल्या. संमतीच्या कागदावर ‘उजवी ओव्हरी काढणे’ लिहिलंय. सही करू?

ओटीस्लीपर्स (९:५६)
बहीण सज्ञान आहे, सही तिचीच. सहीआधी मॅडमना सरळ विचारा: पीळ सोडवून ओव्हरी ठेवणार ना? काळीनिळी दिसली तरी ती बहुतेक वेळा ठेवतात, कारण रंगावरून मेली की जिवंत ते नीट कळत नाही. पीळ सोडवल्यावर बरेचदा ती पुन्हा कामाला लागते. काढायची ती गाठ. सूज फार असेल तर तीही काही आठवड्यांनी काढतात. कागदावर ‘पीळ सोडवणे, सिस्ट काढणे, अगदी नाइलाज झाला तरच ओव्हरी काढणे’ असं लिहून घ्या.

रिटायर्ड_सिस्टर (१०:०३)
आणि ओव्हरी टाका घालून बांधून टाका म्हणावं, पुन्हा फिरायला नको.

ओटीस्लीपर्स (१०:०८)
सरसकट नाही. इथे गाठ कारण आहे, ती निघाली की बहुधा पुरतं. गाठ नसताना पीळ पडला किंवा दुसऱ्यांदा पडला तर विचार करतात, त्यावरही सगळ्यांचं एकमत नाही.

रिटायर्ड_सिस्टर (१०:१०)
आमच्या सर्जन बाई बांधायच्याच.

सायली_सातारा (१२:३५)
दोन वेढे होते. निळीजांभळी झाली होती, सोडवल्यावर थोडी गुलाबी झाली म्हणे. गाठ काढली, ओव्हरी ठेवली. गाठीत केस निघाले, हे नॉर्मल आहे का?

ओटीस्लीपर्स (१२:४१)
हो, डर्मॉइडमध्ये केस, चरबी, कधी दातसुद्धा निघतात. गाठ तपासणीला पाठवलीय ना, ते विचारा.

दामोदर_नाना (१२:४४)
दात?