उशीर मूळ तारखेपासून मोजा

> काम मागे पडतंय हे टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे, तरी दर शुक्रवारी स्टेटस हिरवाच जातो. काय करावं?

तुमचा उशीर कुठल्या तारखेपासून मोजतात, ते आधी बघा. गोरेगावच्या आमच्या ऑफिसात पाच दिवसांपर्यंतचा उशीर हिरवा धरत, पण तो मोजत मागच्या आठवड्याच्या सुधारित तारखेपासून. टेस्टिंगची सुरुवात दर आठवड्याला दोन दिवस पुढे सरकायची. प्रत्येक रिपोर्ट नियमानुसार हिरवा, आणि पाच आठवड्यांत राखीव ठेवलेले दहाही दिवस संपले! कोणी खोटं बोललं नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

नंतर आम्ही मंजूर झालेली मूळ तारीख गोठवली आणि रंग राखीव दिवसांवर बांधला. निम्मे संपले की पिवळा, सगळे संपले की लाल. याच हिशोबाने तिसऱ्या आठवड्यात, सहा दिवस गेल्यावर, पिवळा लागला असता, आणि तेव्हा हातात चार दिवस होते. रंग मॅनेजरने बदलायचा नाही. त्याला वेगळं वाटत असेल तर त्याने शेजारी कारण लिहावं.

एक पळवाट मात्र उरते. मूळ तारीखच 'रीबेसलाइन' करून घेतात, म्हणजे नवी तारीख मंजूर करून तिलाच मूळ धरतात. तेव्हा जुनी तारीख रिपोर्टमध्ये शेजारी दिसू द्या.